एकाच नळाची धार बारीक का? जाळीपासून भिंतीपर्यंत दोष शोधण्याची पद्धत

घरातल्या बाकी नळांना पाणी चांगलं येतं, आणि एकाच नळाची धार करंगळीएवढी. अशा वेळी बहुतेक घरांत पहिली गोष्ट होते ती नळ बदलण्याची. नवा नळ बसतो, दोन दिवस बरं वाटतं किंवा तेवढंही वाटत नाही, आणि मग भिंत फोडण्याची चर्चा सुरू होते. सोसायट्यांमधली प्लंबिंगची कामं पाहताना मी हा प्रकार सतत बघतो. निम्म्याहून जास्त वेळा बदललेला जुना नळ चांगलाच असतो.

चूक क्रमाची आहे. पाणी भिंतीतून बेसिनखालच्या अँगल कॉकमध्ये येतं, तिथून कनेक्शन पाईपमधून नळात जातं, नळ उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या स्पिंडलमधून वर येतं आणि शेवटी तोंडावरच्या जाळीतून बाहेर पडतं. दोष शोधताना आपण उलटं चालायचं: जाळीपासून सुरुवात करून एकेक भाग सोडवत भिंतीकडे जायचं, आणि प्रत्येक ठिकाणी धार मोजायची. ज्या जागी आकडा एकदम सुधारतो, त्याच्या लगेच आधी काढलेल्या भागात दोष आहे. एवढंच तत्त्व आहे, पण एकही टप्पा गाळून चालत नाही.

उदाहरणासाठी मुलुंडच्या एका सात मजली इमारतीतलं, तिसऱ्या मजल्यावरचं बेसिन घेतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी या बेसिनच्या साधारण पंधरा मीटर वर आहे. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो, म्हणजे इथे दीड बारच्या आसपास दाब असायला हवा. बेसिनच्या नळाला तो भरपूर आहे. तरी धार बारीक होती, आणि त्या घरच्यांनी आमच्या आधी एकदा नळ बदललेला होता.

## सुरुवातीआधी: काय जवळ ठेवायचं

एक लिटरची बाटली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एक बादली, जुनं फडकं, टॉर्च, एक ॲडजस्टेबल पाना, पकड, जुना टूथब्रश, टेफ्लॉन टेप आणि कनेक्शन पाईपच्या मापाचे दोन-तीन रबरी वायसर. याशिवाय एक साधी अर्ध्या इंची तोटी घरात जुनी पडलेली असेल तर ती शोधून ठेवा. जाळी नसलेली, नीट उघडणारी-मिटणारी साधी तोटी. शेवटच्या टप्प्यात तिचा फार उपयोग होतो.

बेसिनच्या मोरीच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा. जाळीचा वायसर किंवा छोटा स्क्रू पाईपमध्ये गेला की अर्धा दिवस त्यातच जातो.

## १. धार मोजा, अंगठ्याने तपासू नका

नळाच्या तोंडावर अंगठा दाबायचा, पाणी जोरात उसळलं की म्हणायचं "प्रेशर तर आहे", ही सवय आधी सोडा. अंगठा दाबल्यावर पाणी वाहायचं थांबतं. पाणी थांबलं की अडथळ्याच्या मागचा पूर्ण दाब पुढे येऊन बसतो, मधली वाट सुईच्या भोकाएवढी असली तरी. मग अंगठ्याला दाब चांगलाच लागणार. अडथळा आहे की नाही हे कळतं ते पाणी वाहत असतानाच. बंद नळावर गेज लावून घेतलेलं मापही याच कारणाने फसवतं.

म्हणून वेळ मोजायची. तक्रारीचा नळ पूर्ण उघडा, धार स्थिर होऊ द्या, मग एक लिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते लिहा. साठला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते मिळतं. त्यानंतर लगेच घरातल्या इतर दोन नळांचं माप घ्या. मोजताना घरातला दुसरा कोणताही नळ, फ्लश किंवा वॉशिंग मशीन चालू नको.

मुलुंडच्या घरात बेसिनला २८ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला जेमतेम दोन लिटर. बाथरूममधल्या बादलीच्या तोटीला ५ सेकंद, स्वयंपाकघरातल्या नळाला ७.

इथे एक जागा फसण्याची आहे. हल्ली पाणी वाचवणाऱ्या जाळ्या मिळतात, त्यातल्या काही मिनिटाला तीनच लिटर सोडतात. अशी जाळी असलेल्या नळाला लिटरभर पाण्यासाठी वीस सेकंद लागणं हा दोष नाही, त्याचं कामच ते आहे. जाळीच्या कडेवर लिटरचा आकडा कोरलेला असतो का ते बघा. नवा नळ बसवल्यापासूनच धार कमी वाटत असेल तर हे सगळ्यात आधी तपासा.

तपासणी: नळ एकटा चालू असताना माप ठीक, पण बाथरूमची तोटी उघडली की धार पडते, असं असेल तर दोष या नळात नाही. दोघांना मिळून येणारा पाईप लहान आहे किंवा अर्धा भरला आहे. ते वेगळं प्रकरण आहे.

## २. हा नळ कोणत्या लाईनवर आहे ते ठरवा

"बाकी नळ चांगले आहेत" हे वाक्य मुंबईत अर्धवट असतं, कारण एकाच फ्लॅटमध्ये दोन-तीन वेगळ्या लाईन येतात. बऱ्याच इमारतींत स्वयंपाकघराचा डाउनटेक, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाईप, वेगळा, बाथरूमचा वेगळा, आणि फ्लशला बोअरच्या पाण्याची तिसरी लाईन असते. जुन्या इमारतींत आणि चाळींत स्वयंपाकघरातला एखादा नळ थेट महापालिकेच्या लाईनवर असतो आणि बाकीचे टाकीवर. तो नळ पाण्याच्या वेळेत जोरात आणि एरवी मरतुकडा चालतो. त्यात काहीही चोक झालेलं नसतं.

त्यामुळे तुलना करायची ती त्याच लाईनवरच्या नळाशी. बेसिनची तुलना बाथरूमच्या तोटीशी करा, स्वयंपाकघराच्या नळाशी नको. कोणती लाईन कुठे जाते हे माहीत नसेल तर बाथरूमच्या माळ्यावरचा किंवा डक्टमधला व्हॉल्व्ह बंद करून कोणकोणते नळ थांबतात ते पाहा. पाच मिनिटांत घराचा नकाशा हाती येतो.

स्वयंपाकघरात त्या लाईनवर एकच नळ असेल तर घरात तुलनेला काही उरत नाही. मग वरच्या आणि खालच्या मजल्यावर विचारा. त्यांच्याकडेही स्वयंपाकघरातच धार कमी असेल तर स्वतःचा नळ उघडू नका. गच्चीवर त्या डाउनटेकचा व्हॉल्व्ह अर्धवट राहिला असण्याची शक्यता मोठी आहे, विशेषतः नुकतीच टाकी साफ झाली असेल तर. हा प्रश्न एक फोन करून सुटतो आणि लोक त्यासाठी सिंकखालचं सगळं उचकतात.

मुलुंडच्या घरात बेसिन आणि बादलीची तोटी एकाच व्हॉल्व्हवर होती. तोटीला ५ सेकंद, बेसिनला २८. म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत आणि तोटीच्या फाट्यापर्यंत पाणी नीट येत होतं. दोष त्यापुढे, बेसिनच्या फांदीत.

## ३. जाळी काढा, आणि तिच्यात काय अडकलंय ते वाचा

जाळी बहुधा हाताने सुटते. नाही सुटली तर तिच्याभोवती कापड गुंडाळून पकडीने फिरवा, नाहीतर क्रोमवर ओरखडे पडतात. खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरवायची. आत दोन-तीन चकत्या आणि एक वायसर असतो. कोणती कोणावर होती त्याचा फोटो काढून मगच वेगळं करा.

जाळी काढल्यावर नळ उघडून पुन्हा मोजा. माप एकदम सुधारलं तर दोष सापडला. जाळी टूथब्रशने घासा. पांढरा कडक थर असेल तर अर्धा तास साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा. असा थर बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने जास्त धरतो, तलावांच्या पाण्याने कमी. वाळू किंवा रबराला व्हिनेगर काहीही करत नाही, गंजाच्या खवल्यांवरही तेवढ्या वेळात फारसा परिणाम होत नाही, ते घासून आणि टोचूनच काढावं लागतं.

आता जाळीतला कचरा फेकू नका. पांढऱ्या बशीत झटकून बघा, कारण मागे काय चाललंय ते तोच सांगतो.

तपकिरी-काळे खवले म्हणजे लोखंडी जीआय पाईप आतून गंजतोय, आणि ते पुन्हा येणार. काळे, बोटाला काजळीसारखे लागणारे मऊ तुकडे म्हणजे रबर: एकतर वायसर झिजलाय किंवा कनेक्शन पाईपचं आतलं अस्तर सुटतंय. पिवळसर पांढरा प्लास्टिकचा कीस म्हणजे सीपीव्हीसी पाईप कापल्यावर आतली कड साफ न करताच जोडली. बारीक राखाडी कण म्हणजे लादीच्या कामाचं सिमेंट. पांढरे मऊ धागे दिसले तर ती टेफ्लॉन टेप आहे, आणि ती कुठल्यातरी सांध्यातून सुटून आली आहे.

बहुतेक लोक इथेच थांबतात. जाळी धुतली, पाणी आलं, काम झालं. पण महिन्याभरात ती पुन्हा भरली तर जाळी हा दोष नाही, ती फक्त दोष पकडून धरणारी जागा आहे. पुढे जायला हवं.

मुलुंडमध्ये जाळी काढल्यावर २८ चे २६ सेकंद झाले. जवळपास काहीच फरक नाही. पण बशीत दोन-चार तपकिरी खवल्यांबरोबर एक पांढरा धागा होता. तो आम्ही लक्षात ठेवला.

## ४. पुढे काहीही सोडवण्याआधी: पाणी खरंच बंद होतं का?

या पायरीला मी वेगळं स्थान देतो, कारण घरात पाणी भरण्याचे प्रसंग इथेच घडतात.

बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करा. मग बादलीची तोटी उघडी ठेवा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत थांबा. पाईपमध्ये राहिलेलं पाणी निथळायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्यानंतरही सुतासारखी धार चालू असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कनेक्शन पाईप सोडवण्याएवढं काम अँगल कॉक बंद करून होईल, पण अँगल कॉक स्वतः भिंतीतून काढू नका. त्यासाठी गच्चीवरून ती लाईन बंद करावी लागेल, म्हणजे सेक्रेटरी आणि वॉचमन यांना सांगून आणि त्या लाईनवरच्या सगळ्या घरांना वेळ देऊन.

जुन्या गेट व्हॉल्व्हचं चाक जाम असेल तर जोर लावू नका. त्यातली पाती दांड्यापासून सुटून खाली पडते, चाक वर फिरत राहतं, आणि मग पाणी उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही. बारीक धारेच्या तक्रारीतून संपूर्ण बाथरूम कोरडं होण्याची ही नेहमीची वाट आहे.

इशारा: ही जागा गीझरच्या लाईनवर असेल तर आधी गीझरचा स्विच आणि एमसीबी दोन्ही बंद करा. रिकाम्या टाकीवर गीझर चालला तर कॉईल जळते.

## ५. कनेक्शन पाईप नळाकडून सोडा

अँगल कॉक बंद करा आणि तपासणीसाठी बंद केलेला बाथरूमचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडा. बेसिनखाली हात घालून कनेक्शन पाईपचं नळाकडचं टोक सोडवा, ते बादलीत धरा आणि अँगल कॉक पूर्ण उघडा. पाण्याने उसळी मारू नये म्हणून पाईप हातात घट्ट धरा, आणि कॉक हळू उघडायला दुसऱ्या कोणाला सांगा. मोजा.

इथे धार एकदम सुधारली तर दोष नळाच्या आत आहे. आता नळ बदलायला हरकत नाही, पण आधी स्पिंडल काढून बघा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, त्यांच्या भोकात खडा अडकला की धार बारीक होते. त्या धुऊन भागलं नाही तर त्या मापाचं नवं स्पिंडल मिळतं. जुना स्पिंडल दुकानात दाखवायला न्या, कारण मापं आणि दाते कंपनीगणिक वेगळे असतात. जुन्या, अनेक फेऱ्यांच्या तोटीत रबरी वायसर फुगलेला किंवा सुटून सीटवर बसलेला सापडतो. तो बदलण्याचं काम दहा मिनिटांचं.

धार सुधारली नाही, तर पाईपचं दुसरं टोकही सोडवा आणि पाईप पूर्ण काढून घ्या. बाहेरून स्टीलची जाळी चकचकीत दिसते म्हणून पाईप चांगला असं मानू नका. आतली रबरी नळी फुगून बसलेली असते किंवा जिथे पाईप आवळून वाकवला आहे तिथे चेपलेली असते. तोंडाने फुंकून बघा: हवा सहज जायला हवी. दोन्ही टोकांचे वायसरही पाहा. नट अति आवळला की वायसर आतल्या बाजूला दबतो आणि भोक निम्मं होतं. पाना घेऊन सगळी ताकद लावणाऱ्यांच्या घरात हा दोष मी कितीतरी वेळा पाहिला आहे. कनेक्शन पाईपचा नट हाताने आवळून वर पान्याने पाव फेरा एवढाच लागतो.

मुलुंडमध्ये पाईपच्या टोकाला २५ सेकंद. म्हणजे नळ निर्दोष होता, आधीचाही आणि बदललेलाही. पाईप काढून फुंकला, हवा छान गेली.

## ६. अँगल कॉकची पाळी

कनेक्शन पाईप काढल्यावर अँगल कॉकच्या तोंडाखाली बादली धरून तो उघडा आणि मोजा. पाणी आडवं उडतं, म्हणून भोवती फडकं धरा.

आधी साधी गोष्ट बघा: कॉक पूर्ण उघडा होता का? साफसफाई करताना, बेसिनखाली डबे ठेवताना त्याचा दांडा अर्धा फिरलेला असतो. हसण्यासारखं वाटतं, पण मी भिंत फोडायच्या तयारीत असलेल्या घरात हे एकदा बघितलं आहे, आणि तेव्हापासून पहिल्यांदा तिथेच हात लावतो.

मुलुंडमध्ये दांडा पूर्ण उघडा असूनही २४ सेकंद लागत होते. आता दोनच शक्यता उरल्या: अँगल कॉक किंवा त्याच्या मागचा भिंतीतला पाईप. हे दोन वेगळे करायचे तर कॉक भिंतीतून काढावा लागतो, आणि त्या मागे खर्चाची मोठी दरी आहे. कॉक म्हणजे काही शे रुपये, भिंतीतला पाईप म्हणजे लाद्या, सिमेंट आणि खालच्या घराचं छत.

इशारा: व्हॉल्व्ह बंद आहे आणि चौथ्या पायरीतली तपासणी पूर्ण झाली आहे, याची खात्री नसेल तर पुढे जाऊ नका. आणि इमारत जुनी, पाईप लोखंडी असेल तर हे काम प्लंबरकडूनच करून घ्या. भिंतीतल्या निपलचे आटे गंजून कागदासारखे झालेले असतात. पान्याचा एक झटका बसला की निपल भिंतीच्या आत तुटतो, आणि मग लादी फोडण्याशिवाय मार्ग राहत नाही. सीपीव्हीसीत मागे पितळी आट्यांचा एल्बो असतो, तिथेही झटक्याने प्लास्टिक तडकतं. हळू, सरळ आणि सतत जोर लावायचा. हलत नसेल तर थांबायचं.

कॉक निघाल्यावर टॉर्चने दोन्हीकडे बघा: कॉकच्या मागच्या तोंडात आणि भिंतीतल्या भोकात. मग जुनी साधी तोटी घ्या, तिच्या आट्यांवर टेप गुंडाळून भिंतीत हाताने घट्ट बसवा, तोटी बंद ठेवा, व्हॉल्व्ह उघडा, आणि मग तोटी उघडून मोजा. उघड्या भिंतीतून पाणी सोडण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, आणि माप बादलीच्या तोटीशी थेट ताडून पाहता येतं.

मुलुंडमध्ये भिंतीतल्या तोटीला लिटरमागे ५ सेकंदच लागले. बादलीच्या तोटीएवढेच. भिंत निर्दोष होती. कॉकच्या मागच्या तोंडात टेफ्लॉन टेपचा गुंडाळलेला बोळा होता, आणि त्यात गंजाचे खवले अडकून त्याची गच्च बुचासारखी गाठ झाली होती. आधी बसवताना टेप आट्यांच्या टोकाच्या पुढे आली होती. फिरवताना ती आत गुंडाळली गेली आणि पाण्याबरोबर येणारा प्रत्येक खवला पकडत राहिली. जाळीत सापडलेला पांढरा धागा याच बोळ्याचा होता.

कॉक पुन्हा बसवताना म्हणूनच पहिला आटा मोकळा सोडून टेप सुरू करायची. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, ताणून गुंडाळायची, म्हणजे आवळताना ती सुटत नाही. कॉक साफ केला, नव्याने बसवला, कनेक्शन पाईप आणि जाळी लावली. बेसिनला आता ९ सेकंद.

जोडणीच्या आधी एक गोष्ट करा: व्हॉल्व्ह उघडून, जाळी न लावता, अँगल कॉकमधून दोन बादल्या पाणी जाऊ द्या. पाईपमध्ये हललेली घाण तशीच ठेवली तर ती संध्याकाळपर्यंत नव्या जाळीत जाऊन बसते.

## ७. भिंतीतही धार बारीकच आली तर

आता दोष बेसिनच्या फांदीत आहे, बादलीच्या तोटीचा फाटा आणि बेसिन यांच्यामध्ये. लोखंडी पाईपात गंज सगळीकडे सारखा धरत नाही. एल्बोत आणि टी-जोडापाशी, जिथे पाणी वळतं आणि आटे कापलेले असतात, तिथे गाठी होतात. नव्या सीपीव्हीसीत आतल्या भागात सांधे चिकटवायच्या सोल्युशनचा गोळा सुकलेला असू शकतो. ते पहिल्या दिवसापासूनच कमी पाणी देतं, मागाहून नाही. दोष कधी सुरू झाला हा प्रश्न इथे कामाचा: हळूहळू वर्षभरात कमी होत गेलं तर गंज, कामानंतर एका दिवसात झालं तर कचरा.

कचऱ्यासाठी भिंतीतल्या तोंडातून कपडे सुकवायच्या तारेसारखी लवचिक तार पहिल्या वळणापर्यंत घालून, मग व्हॉल्व्ह उघडून पाणी बादलीत सोडून बघता येतं. खडा पहिल्याच एल्बोत असेल तर निघतो. कॉम्प्रेसरने हवा मारून लाईन साफ करण्याचा सल्ला काही जण देतात, पण जुन्या लोखंडी पाईपाला मी तो देत नाही. गंजाने टिकून राहिलेले सांधे त्या दाबाने सुटतात आणि आठवड्याने खालच्या घरातून ओल आल्याचा निरोप येतो.

गंज असेल तर साफ करून भागत नाही, फांदी बदलावी लागते. त्यासाठी बाथरूमची अख्खी भिंत फोडायला हवी असं नाही. फाट्यापासून बेसिनपर्यंत सीपीव्हीसीची नवी फांदी भिंतीवरून क्लिपांवर नेता येते, आणि जुनी दोन्ही टोकांना डमी मारून बंद करता येते. दिसायला तेवढं छान नाही, पण एका दिवसात होतं आणि पुढे दोष आला तर डोळ्यांसमोर असतो.

## दोन प्रकार या क्रमात बसत नाहीत

फक्त गरम पाण्याची धार बारीक. मिक्सरमधून थंड पाणी जोरात आणि गरम बारीक येत असेल तर जाळीला दोष देऊ नका, ती दोघांना एकच आहे. आधी गीझरच्या खालचे दोन्ही अँगल कॉक पूर्ण उघडे आहेत का ते बघा. मग गीझरच्या थंड बाजूला बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. त्यातली छोटी झडप क्षाराने चिकटते. गीझर बंद, एमसीबी बंद, पाणी थंड होईपर्यंत थांबून मगच हे काम, आणि शक्यतो गीझरच्या माणसाकडून. तो व्हॉल्व्ह काढून टाकून "डायरेक्ट" करून घेऊ नका. बऱ्याच गीझरांत जास्त दाब सोडून देण्याची सोयही त्याच भागात असते. मिक्सरचा दांडा एकच असेल तर त्याच्या कार्ट्रिजमधली गरम बाजूही भरलेली असू शकते. ते ओळखायचं तसंच: गरम बाजूचा कनेक्शन पाईप मिक्सरकडून सोडून मोजा.

हवा अडकणं. वरच्या मजल्यांवर, टाकीपासून उंचीचा फरक तीन-चार मीटरच असतो, तिथे टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर एखाद्या नळाला फुरफुर करत थोडंसं पाणी येतं. पाईप वर जाऊन खाली आला असेल तर त्या कमानीत हवा बसते आणि कमी दाबाला ती ढकलता येत नाही. ओळख अशी: काल धार ठीक होती, टाकी रिकामी झाल्यानंतर लगेच गेली, आणि नळात गुरगुर येते. आधी त्या लाईनवरचे बाकी नळ बंद ठेवून हाच नळ पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा ठेवा. बऱ्याचदा तेवढ्यात हवा निघते. नाही निघाली तर काही प्लंबर चांगल्या नळातून रबरी पाईप लावून या नळात उलटं पाणी दाबतात.

हे दोन्ही नळ एकाच टाकीच्या पाण्यावर असतील तरच करा. फ्लशच्या बोअरच्या लाईनचं पाणी पिण्याच्या लाईनमध्ये, किंवा टाकीचं पाणी महापालिकेच्या थेट लाईनमध्ये अशा रीतीने कधीही ढकलू नका. ते तुमच्या घरापुरतं राहत नाही, त्या लाईनवरच्या शेजाऱ्यांच्या नळालाही जाऊ शकतं.

## काम झाल्यावर

शेवटचं माप तारखेसह व्हॉल्व्हजवळच्या भिंतीवर किंवा बेसिनखालच्या कपाटाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा: बेसिन ९, तोटी ५. मुलुंडच्या घरी आम्ही तेच केलं. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं होतं, आणि माप ९ वरच होतं, पण जाळीत पुन्हा चार-पाच तपकिरी खवले होते. टेपचा बोळा निघाला, तरी पाईप लोखंडी आहे आणि आतून गंजतोय. त्यांनी आता दर दोन महिन्यांनी जाळी झटकायचं ठरवलंय. माप १५ च्या पुढे गेलं आणि जाळी धुऊनही खाली आलं नाही, तर सातव्या पायरीतली नवी फांदी टाकायची.